लिस्टेड आहे खरं, पण घेणारा कोण?

*आम्ही दोघंही निवृत्त, राहतो मानेवाड्याला. पुढच्या महिन्यात १० लाखांची एफडी पूर्ण होते आहे. आमच्या ओळखीच्या सल्लागारांनी ते पैसे एका फायनान्स कंपनीच्या एनसीडीत टाका म्हटलं. पाच वर्षं, दहा टक्के, व्याज दर महिन्याला. "लिस्टेड आहे, म्हणजे लिक्विड आहे, काकू. उलट तुमचा बेसाचा प्लॉट इलिक्विड आहे, त्याच्यावर अडीअडचणीसाठी विसंबू नका," असं ते म्हणाले. यांची बायपास झालेली आहे, त्यामुळे पैसा केव्हा लागेल सांगता येत नाही. १५ लाख पोस्टात सीनिअर सिटिझन योजनेत आहेत. लिक्विड, इलिक्विड म्हणजे नेमकं काय, हे समोर विचारायला संकोच वाटला. एनसीडी घ्यावी का?*
*— एक वाचक, नागपूर*

ताई,

सल्लागार प्लॉटबद्दल बरोबर बोलले. एनसीडीबद्दल, म्हणजे कंपनीच्या कर्जरोख्यांबद्दल, अर्धंच बोलले, आणि त्यांनी सोडलेलं अर्धं तुमच्या घरासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

गुंतवणुकीची लिक्विडिटी विचारायची म्हणजे तीन गोष्टी एकदमच विचारायच्या: मला हवा तेव्हा पैसा किती दिवसांत खात्यात येईल, तेव्हा किती रक्कम कापली जाईल, आणि या दोन्ही गोष्टी आजच खात्रीने सांगता येतात का. तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर ती गुंतवणूक लिक्विड. एकाचंही उत्तर "तेव्हा बघू" असं असेल तर ती तेवढ्यापुरती इलिक्विड. बेसाचा प्लॉट निम्म्या किमतीत द्यायचं ठरवलं तर तोही आठवड्यात विकला जाईल, पण म्हणून त्याला कोणी लिक्विड म्हणत नाही.

यात सुरक्षिततेची गल्लत होऊ देऊ नका. मोठ्या कंपनीचा शेअर पाच सेकंदांत विकला जातो, म्हणजे तो अगदी लिक्विड. पण तुम्ही विकाल त्या दिवशी भाव तीस टक्के पडलेला असू शकतो. उलट एखादी चांगली कंपनी पाचव्या वर्षी पै न पै परत करेल, तरी दुसऱ्या वर्षी तुमच्या हातात काही पडेलच असं नाही. "सुरक्षित आहे" हे उत्तर "पैसा केव्हा मिळेल" या प्रश्नाला चालत नाही. सल्लागारांशी बोलताना हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

आता मुख्य मुद्दा. मुदतीआधी पैसा हवा झाला तर तो देणार कोण? काही ठिकाणी, ज्याने तुमचा पैसा घेतला त्यालाच तो नियमाने परत द्यावा लागतो. बाकी ठिकाणी तुमची जागा घ्यायला कोणीतरी अनोळखी माणूस शोधावा लागतो. तुमची एफडी पहिल्या प्रकारात बसते, एनसीडी दुसऱ्या.

एफडीचं बघा. व्यक्तीची १ कोटीपर्यंतची मुदत ठेव बँकेने मुदतीपूर्वी मोडू दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ही मर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये १५ लाखांवरून १ कोटी झाली. मोडण्याची किंमतही आधीच माहीत असते. ठेव जेवढे दिवस राहिली तेवढ्या मुदतीचा जो दर ठेवताना होता तो मिळतो, आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. समजा ५ लाखांची एफडी तीन वर्षांसाठी सात टक्क्यांनी ठेवली आणि चौदाव्या महिन्यात मोडावी लागली. एक वर्षाच्या ठेवीचा दर तेव्हा साडेसहा होता आणि बँकेने एक टक्का कापला, तर हाती साडेपाच टक्क्यांनी व्याज येतं. साध्या हिशेबाने सुमारे ३२ हजार. सात टक्क्यांनी ४० हजार ८०० च्या आसपास झालं असतं. म्हणजे नुकसान पावणेनऊ हजारांचं, आणि मुद्दल धरून सगळी रक्कम साधारण त्याच दिवशी बचत खात्यात.

एनसीडीचं असं नाही. ती कंपनीला दिलेलं कर्ज आहे आणि कंपनीने ते पाच वर्षांनी फेडायचं कबूल केलेलं असतं, त्याआधी नाही. मुदतीपूर्वी परत घेण्याची अट, ज्याला पुट ऑप्शन म्हणतात, ती माहितीपत्रकात असेल तर गोष्ट वेगळी; पण सर्वसामान्य माणसाला विकल्या जाणाऱ्या इश्यूंत ती क्वचितच दिसते. लिस्टेड म्हणजे तुमची एनसीडी एनएसई किंवा बीएसईवर विकायला ठेवता येते, इतकंच. ठेवलेला माल घ्यायला कोणी आलंच पाहिजे, असा एक्स्चेंजचा नियम नाही. इतवारीत गाळा मिळाला म्हणून गिऱ्हाईक मिळत नाही, तसंच.

हे आकड्यांत मांडतो, कारण इथेच लोक फसतात. समजा तुम्ही प्रत्येकी १,००० रुपयांच्या एक हजार एनसीडी घेतल्या. चौदाव्या महिन्यात धंतोलीतल्या दवाखान्यात काकांना भरती करावं लागलं आणि ५ लाख हवे झाले. तुम्ही मोबाइलवर डीमॅट खातं उघडलं. तिथे एका एनसीडीचा भाव ९८५ दिसतोय, म्हणजे १० लाखांचे ९ लाख ८५ हजार. बरं वाटलं. पण हा भाव शेवटच्या सौद्याचा असतो, आणि तो सौदा तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी पाच नगांचा केलेला असू शकतो. आज तुमचा माल कोण घेतोय ते खरेदीदारांच्या रांगेत दिसतं. या विभागाला मार्केट डेप्थ म्हणतात आणि त्यात सगळ्यात वरच्या पाच बोली असतात.

त्या दिवशी त्या रांगेत असं दिसलं: ९६८ रुपयांनी २५ नग, ९५० ने ६०, ९२५ ने ४०, ८८० ने १०. पुढे रिकामं. तुम्ही सगळ्यांना विकलं तर १३५ नग जातात आणि १ लाख २७ हजार येतात, पुढच्या कामकाजाच्या दिवशी. या १३५ नगांची मूळ किंमत १ लाख ३५ हजार होती, म्हणजे आठ हजार गेले. एफडीपेक्षा तीन टक्के जास्त व्याज म्हणून या नगांवर चौदा महिन्यांत जे मिळालं ते पावणेपाच हजार; तेही धुऊन निघालं. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण रांग अशीच आखूड असणं हे छोट्या कंपन्यांच्या एनसीडींत नेहमीचं आहे.

एफडी मोडताना गेलेली रक्कम आणि इथे गेलेली रक्कम यांत फारसा फरक नाही. फरक आहे तो हाती आलेल्या पैशात. तिकडे पाच लाख आले, इकडे सव्वा लाख. उरलेल्या ८६५ नगांचं काय, तर रोज सकाळी थोडे थोडे ठेवत बसायचं आणि कोणी घेतो का बघायचं. दवाखान्याच्या बिलाला तेवढा धीर नसतो.

खरेदीदार इतके थोडे का, असं तुम्ही विचाराल. मोठं कारण असं की एकाच इश्यूचे अनेक तुकडे असतात. दोन वर्षं, तीन वर्षं, पाच वर्षं; त्यात पुन्हा दरमहा व्याज, वार्षिक व्याज, किंवा सगळं शेवटी एकदम. प्रत्येक तुकडा वेगळी सीरिज, तिचा आयएसआयएन नावाचा ओळख नंबर वेगळा, आणि बाजारात तिची रांगही वेगळी. इश्यू शेकडो कोटींचा असला तरी तुमच्या सीरिजमध्ये त्यातला छोटासाच भाग येतो, आणि त्यातलेही बहुतेक लोक तुमच्यासारखेच निवृत्त, शेवटपर्यंत धरून ठेवणारे. विकत घ्यायला रोज कोण येणार?

सुदैवाने हे पैसे टाकण्याआधी तपासता येतं. नवी एनसीडी अजून बाजारात आलेली नसते, म्हणून तिचा इतिहास नसतो. पण या फायनान्स कंपन्या वरचेवर इश्यू काढतात. सल्लागारांकडून त्याच कंपनीच्या वर्ष-दोन वर्षं जुन्या सीरिजचे आयएसआयएन मागा, शक्यतो दरमहा व्याजाच्या. एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की मागच्या महिन्यात कोणत्या दिवशी किती नग विकले गेले ते दिसतं. वीस-बावीस कामकाजाच्या दिवसांपैकी निम्मे दिवस एकही सौदा नसेल, किंवा झालेत ते दहा-वीस नगांचे असतील, तर तुमच्या हजार नगांना तिथे जागा नाही. मग चालू रांगेत सगळ्यात चांगला खरेदीदार आणि सगळ्यात चांगला विकणारा यांच्यातलं अंतर बघा. घेणारा ९६० म्हणतोय आणि विकणारा ९९५, तर ते पस्तीस रुपये म्हणजे तुमच्या घाईची किंमत. हे काम तुमच्या भाच्याला किंवा शेजारच्या कॉलेजच्या पोरीला पंधरा मिनिटांत करता येईल. सल्लागारांनी आयएसआयएन द्यायला टाळाटाळ केली, तर ते उत्तरही पुरेसं आहे.

ही रांग कायम सारखी राहत नाही, हे आणखी वाईट. कंपनीच्या कर्जफेडीच्या ताकदीचं रेटिंग एक पायरी खाली आलं किंवा तिच्याबद्दल वाईट बातमी छापून आली की सगळ्यांनाच एकदम विकायचं असतं आणि घेणारे दूर उभे राहतात. म्हणजे पैसा काढावासा वाटेल नेमक्या त्याच दिवशी दार अरुंद झालेलं असतं. २०१८ मध्ये आयएल अँड एफएसचं रेटिंग काही आठवड्यांत 'एएए'वरून 'डी'वर आलं होतं. सगळ्यात वरच्या पायरीवरून एकदम सगळ्यात खाली. तेवढ्या वेळात छोट्या माणसाला काय बाहेर पडता येणार!

घेणाऱ्यांअभावी मोठ्या संस्थेचंही काय होतं ते २०२० मध्ये दिसलं. फ्रँकलिन टेंपलटन म्युच्युअल फंडाच्या सहा डेट योजना होत्या. त्यांतले पैसे एरवी कामकाजाच्या कोणत्याही दिवशी काढता यायचे. पण योजनांनी ज्या कंपन्यांना पैसे दिले होते त्यांतल्या बऱ्याच कमी रेटिंगच्या होत्या आणि त्यांच्या रोख्यांना बाजारात गिऱ्हाईक तुरळक होतं. कोरोनाची टाळेबंदी लागली, लोक पैसे काढू लागले, आणि रोखे विकून ते द्यायला खरेदीदारच उरले नाहीत. २३ एप्रिल २०२० ला सहाही योजना गुंडाळल्या गेल्या, सुमारे २५ हजार कोटी अडकले. लोकांना पहिला हप्ता मिळाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि उरलेला पुढे टप्प्याटप्प्याने. शेवटी एकूण मिळालेली रक्कम बंद होतानाच्या किमतीहून थोडी जास्तच भरली. म्हणजे पैसा बुडाला नाही. पण मे २०२० मध्ये ज्याच्या घरी ऑक्सिजनचा खर्च होता, त्याला त्या पैशाचा काही उपयोग नव्हता. लिक्विडिटी गेली की काय होतं ते यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार नाही.

तेव्हा योजनेच्या माहितीपत्रकात "केव्हाही काढा" लिहिलेलं असलं तरी आत कोणता माल आहे ते विचारा. लिक्विड फंड नावाचा म्युच्युअल फंडाचा जो प्रकार असतो, त्याला निदान २० टक्के रक्कम रोख, सरकारी रोखे, ट्रेझरी बिलं अशा चटकन मोडता येणाऱ्या गोष्टींत ठेवण्याचं सेबीचं बंधन आहे. त्यातून पैसे काढले की पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. तुमच्यासारख्यांसाठी तो बचत खाते आणि एफडी यांच्या मधला पर्याय आहे, पण एफडीची सवय असलेल्या माणसाने त्यासाठी वाकडी वाट करायलाच हवी असंही नाही.

पोस्टातल्या १५ लाखांकडे येऊ, कारण तिथे एक खाच आहे. ते पैसे मुदतीआधी मिळतात, आणि देणारं सरकार आहे. पहिलं वर्ष पुरं होण्याआधी खातं बंद केलं तर व्याज मिळत नाही, दिलेलं असेल ते कापून घेतात. एक ते दोन वर्षांत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का जातो, दोन वर्षांनंतर एक टक्का. पण या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही. बंद करायचं ते अख्खं. सगळे १५ लाख एकाच खात्यात असतील, तर दोन लाखांसाठी तिसऱ्या वर्षी ते मोडल्यास १५ हजार जातील. पाच-पाच लाखांची तीन खाती असती तर एक मोडून पाच हजारांत भागलं असतं. पुढे कधी मुदत संपून नव्याने ठेवाल तेव्हा तुकडे करून ठेवा. एजंट लोक हे सांगत नाहीत, एका खात्याचे फॉर्म भरणं त्यांना सोपं.

प्लॉटबद्दल थोडक्यात. बेसाकडच्या प्लॉटला दर चांगला आला असेल, पण गिऱ्हाईक मिळालं, बयाणा घेऊन इसारपत्र झालं, तरी पुढे त्याची बँक सातबारा, एनए आणि आरएल म्हणजे रिलीज लेटर तपासते. एखादा कागद कमी निघाला की कर्ज अडकतं आणि रजिस्ट्री लांबते. चार-सहा महिने सहज जातात. त्यामुळे तो इलिक्विड आहे हे खरं, पण म्हणून तो विकायला हवा असं मुळीच नाही. ज्या पैशाची दहा वर्षं गरज नाही तो इलिक्विड असला तर बिघडत नाही. फक्त आजारपणाच्या हिशेबात त्याला धरू नका. घरातलं सोनं याच्या उलट: इतवारी सराफ्यात दुपारी नेलं तर संध्याकाळपर्यंत पैसे, घडणावळ तेवढी सोडून द्यायची.

तर तुमच्या १० लाखांचं माझ्या मते असं करा. आधी दोघं बसून ठरवा की एखाद्या वाईट आठवड्यात मेडिक्लेम सोडून खिशातून किती लागू शकतात. बायपास झालेल्या घरात मी ५ लाखांच्या खाली येणार नाही, कारण कॅशलेस मंजूर व्हायला वेळ लागतो आणि दवाखाना आधी डिपॉझिट मागतो. ते ५ लाख एकाच पावतीत नको. एक-एक लाखाच्या पाच एफडी करा, म्हणजे लागेल तेवढीच मोडता येईल. अगदी चार-सहा आठवड्यांचाच प्रश्न असेल तर मोडूही नका. बहुतेक बँका एफडीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ओव्हरड्राफ्ट देतात, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने. महिनाभरासाठी ते मोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

उरलेल्या ५ लाखांतले ३ लाखही एफडीत किंवा पोस्टातच बरे. एकाच बँकेत व्याज धरून ५ लाखांच्या आतच राहा, कारण ठेव विमा प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत तेवढाच आहे. पतसंस्थेला तर तोही नाही, मोहल्ल्यातली कितीही जुनी असू दे.

आणि एनसीडीत? फार तर २ लाख, तेही माहितीपत्रकात रेटिंग बघून आणि पाचही वर्षं त्या पैशाला हात लावायचा नाही असं ठरवून. वर्षाला सहा हजार जादा मिळतील. त्याच्या बदल्यात तुम्ही दोन गोष्टी पत्करता: कंपनी बुडण्याची जोखीम, आणि मध्येच पैसा न मिळण्याची. सल्लागारांना सरळ विचारा की यात त्यांना ब्रोकरेज किती मिळतं. सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार तुमच्याकडून फी घेतो आणि विकलेल्या मालावर कमिशन घेऊ शकत नाही. तुमचे सल्लागार वितरक असतील तर कमिशन घेण्यात गैर काही नाही. मात्र मग "लिक्विड आहे" हे विकणाऱ्याचं बोलणं आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

एक काम मात्र नवी एफडी करतानाच उरका. काकांबरोबर जॉइंट ठेव कराल, त्यावर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" लिहाल, आणि वाटेल की कोणीही एकट्याने मोडेल. मुदत पुरी झाल्यावर ते खरं आहे. मुदतीआधी मोडायची असेल तर बऱ्याच बँका दोघांच्याही सह्या मागतात, आणि काका आयसीयूत असतील तर सही आणणार कुठून? फॉर्म भरतानाच मॅनेजरला विचारा की एकट्याच्या सहीने मुदतपूर्व मोडण्याचं संमतिपत्र घेतात का. घेत असतील तर दोघांनी त्याच टेबलावर सह्या करून द्या. घेत नसतील तर पाचपैकी निदान दोन पावत्या एकट्या तुमच्या नावावर ठेवा, नॉमिनी काका.